‘तुम्ही’चं ‘तू’ होताना…

कांदेपोह्यांचा कार्यक्रम रविवारी संपतो आणि खरा कार्यक्रम रात्री फोनवर सुरू होतो. ‘दोघांना आठ दिवस बोलू दे, मग काय ते कळवू’ असं मोठ्यांचं ठरतं आणि नंबर दिले-घेतले जातात. आज हे तुमच्या ताईचं किंवा दादाचं चाललं असेल, दोन-चार वर्षांनी तुमचंही चालेल. या आठवड्यातल्या फ्लर्टिंगला घरच्यांची चक्क परवानगी असते. फक्त पुढच्या रविवारी उत्तर द्यायचं असतं.

समजा, ती पुण्यात नोकरी करते. तो नाशिकचा, आई-बाबांसोबत राहणारा. त्याचा पहिला मेसेज येतो, “नीट पोचलो. पोहे मस्त होते.” ती लिहिते, “मीठ कमी होतं. तुम्ही बिचारे गुपचूप खात होतात.” तो म्हणतो, “मग मीठ बघायला परत यावं लागेल.”

बघा, यात कुणी कुणाला सुंदर म्हटलेलं नाही, तरी हे फ्लर्टिंगच आहे. दोघांनी एकत्र पाहिलेल्या गोष्टीवरचा जोक आहे आणि समोरच्याला तो सहज टोलवता येतो. तिला नको असतं तर ‘हाहा’ लिहून तिने विषय बदलला असता. ती मात्र विचारते, “बायोडेटात छंद वाचन लिहिलंय. शेवटचं काय वाचलंत?” उत्तर येतं, “तुमचा बायोडेटा. दोनदा.” बुधवारी ती लिहिते, “आता अहो-जाहो बास. तू म्हण.” मराठीत हा एवढासा बदल म्हणजे मोठी उडी असते. म्हणूनच तो दोघांच्या मर्जीने व्हायला हवा. पहिल्याच रात्री परस्पर ‘तू’वर आणि मग ‘डिअर’वर येणाऱ्याला जरा थांबवलेलं बरं.

खरी मजा पुढे आहे. गुरुवारी ती विचारते, “लग्नानंतर सकाळचा चहा कोण करणार?” वर डोळा मारणारा इमोजी. आता हा प्रश्न चहाचा नाहीये. पुण्यातली नोकरी सोडावी लागेल का, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आपली जागा काय, हे सगळं त्यात लपलंय. समोरासमोर बैठकीत, काका-मावशींच्या देखत, हे विचारणं अवघड असतं. जोकमधून ते विचारता येतं, फार लागलं तर ‘अरे, गंमत केली’ म्हणून मागेही घेता येतं.

त्याचं उत्तर येतं, “तुझ्या हातचाच पिणार!” गोड आहे, पण उत्तर नाहीये. इथे बरेच जण हसून पुढे जातात आणि आठ दिवसांत चारशे मेसेज होऊनही कामाचं काहीच कळत नाही. ती तसं करत नाही. तासाभराने साधं लिहिते, “हसून झालं असेल तर खरंच विचारते. मला नोकरी सुरू ठेवायची आहे. पुण्यातच. तुझं काय मत?”

आता पुढचा मेसेज बघायचा. “याचा मी नीट विचार केलेला नाही, उद्या फोनवर बोलू का?” असं आलं, तर माणूस गंमत बाजूला ठेवू शकतो. मग उत्तर पटो न पटो, बोलणं तरी शक्य आहे. “किती सीरियस होतेस गं!” असं आलं, तर चॅटिंगमधला सूर कितीही जुळू दे, अवघड प्रश्नाला तिथे जागा नाही. होकार देण्याआधी हे कळलेलं बरं.

आणखी एक खूण आहे. घरून होकार गेलेला नसताना “आता आपलं ठरलंच आहे ना” असं कुणी लिहायला लागलं आणि त्या जोरावर रात्री दोनला फोटो मागायला लागलं, तर ते फ्लर्टिंग राहिलं नाही, तो दबाव झाला. ‘ठरल्यावर बघू’ एवढं उत्तर पुरतं. त्यावर रुसवा-फुगवा झाला, तर तेही एक उत्तरच समजा.

आणि नकार द्यायचा असेल तर? मध्यस्थांमार्फत ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप जातो, ही जुनी पद्धत आहे. बोलणं झालंच नव्हतं तेव्हा ती चालून जायची. आठ दिवस कुणाशी गुलूगुलू बोलल्यावर मात्र ब्लू टिक ठेवून गायब होणं वाईट. घरच्यांचा फोन जायच्या आधी आपणच दोन ओळी लिहायच्या: “तुझ्याशी बोलायला खरंच मजा आली. पण मला पुणे सोडायचं नाही आणि तुला नाशिक, त्यामुळे माझा नकार आहे. घरी आज सांगतेय, त्याआधी तुला सांगावंसं वाटलं.” कारण खरं आणि एकच द्यायचं, ‘बघू’ लिहायचं नाही. आणि त्यानंतर गुड मॉर्निंगसुद्धा पाठवायचं नाही.