प्रवेशाच्या दोन ओळी: बोर्ड कोणते आणि फी किती

मुलाच्या पहिलीच्या प्रवेशासाठी पालक मोबाइलवर आपल्या भागाचे नाव आणि ‘शाळा प्रवेश’ एवढेच शब्द टाकतात. समोर आठ-दहा शाळांची यादी येते. प्रत्येक शाळेच्या वाट्याला ठळक अक्षरांतले एक शीर्षक आणि त्याखाली दीड-दोन ओळींचे वर्णन येते. कोणत्या तीन शाळा पाहायला जायचे आणि कोणत्या सोडून द्यायच्या, हे बहुतेक घरांत याच मजकुरावर ठरते. म्हणून या दोन ओळींत बोर्ड आणि फी अचूक असणे हे शाळेचे पालकांप्रती पहिले कर्तव्य आहे.

जागा मात्र फार थोडी असते. शीर्षकात साधारण पन्नास-साठ अक्षरे दिसतात, वर्णनात दीडशेच्या आसपास. गूगलने अक्षरांची ठाम मर्यादा घातलेली नाही. पडद्याच्या रुंदीत बसेल तेवढा मजकूर दिसतो आणि पुढचा तीन टिंबांमागे जातो. शाळेने दिलेले वर्णन शोधलेल्या शब्दांशी जुळले नाही, तर पानावरचाच दुसरा मजकूर उचलून तिथे दाखवला जातो. त्यामुळे जे वर्णनात लिहिले तेच पानावरही स्वच्छ वाक्यांत असावे लागते, आणि महत्त्वाचे ते सुरुवातीला यावे लागते. ‘उज्ज्वल भविष्याची पायाभरणी’ अशा शब्दांनी सुरुवात केली, की फीचा आकडा हमखास टिंबांमागे जातो.

शीर्षकात पाच गोष्टी पुरतात: इयत्ता, शैक्षणिक वर्ष, शाळेचे नाव, वस्ती आणि बोर्ड. जागा उरली तर माध्यम. बोर्ड आणि माध्यम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. इंग्रजी माध्यमाची शाळा राज्य मंडळाची असू शकते आणि महाराष्ट्रात अशा शाळा पुष्कळ आहेत. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द तर शाळेच्या नावाचा भाग असतो. त्यावरून बोर्ड कळत नाही. अशा नावाची शाळा राज्य मंडळाची, सीबीएसईची, आयसीएसईची किंवा केंब्रिजची, यांपैकी कोणतीही निघू शकते.

बोर्डाच्या बाबतीत दोन शब्द नीट वेगळे ठेवावे लागतात: मान्यता आणि संलग्नता. शाळा चालवण्याची परवानगी राज्य सरकार देते, ती मान्यता. दहावी-बारावीची परीक्षा घेणारे मंडळ शाळेला आपल्याशी जोडून घेते, ती संलग्नता. एक असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही. नवी शाळा बहुधा लहान वर्गांपासून सुरू होते आणि दरवर्षी एक इयत्ता वाढवत जाते. अशा शाळेत सीबीएसईची पुस्तके शिकवली जात असतील, पण संलग्नता अजून मिळालेली नसेल. मग जाहिरातीत ‘सीबीएसई पॅटर्न’ किंवा ‘सीबीएसई अभ्यासक्रम’ असे शब्द येतात. दुसरीतल्या मुलाला त्याने फरक पडत नाही. फरक पडतो नववीत, कारण दहावीच्या परीक्षेसाठी मुलांची नोंदणी मंडळाकडे नववीतच होते आणि ती संलग्न शाळेमार्फतच होते. तोपर्यंत संलग्नता आली नाही, तर मूल दुसऱ्या शाळेत हलवावे लागते, तेही ऐन नववीत.

म्हणून अचूक शीर्षकात ‘पॅटर्न’ हा शब्द नसावा. संलग्नता असेल तर ‘सीबीएसई संलग्न’ आणि ती कितवीपर्यंत आहे ते लिहावे. नसेल तर आज जी मान्यता आहे तीच लिहावी. सीबीएसईने संलग्न केलेल्या प्रत्येक शाळेला क्रमांक असतो, आणि तो saras.cbse.gov.in वर टाकला की शाळेचे नाव, पत्ता आणि संलग्नता कोणत्या स्तरापर्यंत आहे ते समोर येते. इथे पत्ता वाचणे सर्वांत महत्त्वाचे. संलग्नता एका जागेवरच्या एका शाळेला मिळते, सगळ्या संस्थेला मिळत नाही. एकाच ट्रस्टच्या तीन शाखा असतात, जुन्या शाखेला संलग्नता असते आणि तिचाच क्रमांक नव्या शाखेच्या पत्रकावर छापलेला असतो. क्रमांक खरा असतो, पण पत्ता तीन किलोमीटरवरचा निघतो. आयसीएसईच्या बाबतीत परिषदेचा शाळा-संकेतांक असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा तो MA या अक्षरांनी सुरू होतो. आयसीएसई हे दहावीच्या परीक्षेचे नाव आहे, बारावीची परीक्षा आयएससी. दहावीपर्यंतच परवानगी असलेल्या शाळेने ‘आयसीएसई आणि आयएससी’ लिहिले, तर ती चूक आहे.

आता फी. इथे खोटे आकडे सांगण्यापेक्षा अर्धे आकडे सांगण्याची पद्धत जास्त आहे, आणि पालकांची फसगत त्यानेच होते. शाळेच्या फीत अनेक शीर्षके असतात: शिकवणी शुल्क, सत्र शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय व प्रयोगशाळा शुल्क, पहिल्या वर्षी एकदाच घेतले जाणारे प्रवेश शुल्क आणि शाळा सोडताना परत मिळणारी अनामत. बस, जेवण, गणवेश, पुस्तके यांचा खर्च त्याशिवाय. यांतले एकच शीर्षक उचलून, तेही महिन्याच्या हिशेबाने लिहिले, की शाळा स्वस्त दिसते.

समजा, हडपसरमध्ये एकमेकींपासून दहा मिनिटांच्या अंतरावर दोन शाळा आहेत. पहिलीच्या वर्णनात ‘फी फक्त ४,५०० रुपये महिना’ असे आहे, दुसरीच्या वर्णनात ‘वार्षिक फी ६८,००० रुपये’. दुसरीचा आकडा बाराने भागला तर महिन्याला साडेपाच हजारांच्या वर जातो, म्हणून पहिली शाळा सरळ हजार रुपयांनी स्वस्त वाटते. शाळेत जाऊन फीचा तक्ता पाहिला की चित्र बदलते. पहिल्या शाळेचे ४,५०० हे फक्त शिकवणी शुल्क आहे. बारा महिन्यांचे ५४,००० होतात. दोन सत्रांचे सत्र शुल्क ९,०००, परीक्षा शुल्क २,०००, म्हणजे वर्षाचे ६५,०००. शिवाय पहिल्या वर्षी प्रवेश शुल्क १०,००० आणि अनामत ५,०००. दुसऱ्या शाळेच्या ६८,००० मध्ये हे सारे आले आहे आणि वेगळे प्रवेश शुल्क नाही.

अनामत बाजूला ठेवली, कारण ती परत मिळते, तर पहिल्या वर्षी पहिल्या शाळेत ७५,००० लागतात आणि दुसरीत ६८,०००. स्वस्त दिसणारी शाळा सात हजारांनी महाग पडली. दुसऱ्या वर्षापासून मात्र पहिली शाळा दरवर्षी तीन हजारांनी स्वस्त आहे. फी तीच राहिली असे धरले, तर तिसऱ्या वर्षाअखेर पहिल्या शाळेत एकूण २,०५,००० भरलेले असतात आणि दुसऱ्या शाळेत २,०४,०००. चौथ्या वर्षी पारडे फिरते. जे कुटुंब दहावीपर्यंत इथेच राहणार आहे त्याने पहिली शाळा निवडावी, आणि ज्यांची दोन वर्षांत बदली होणार आहे त्यांनी दुसरी. दोन्ही शाळांच्या वर्णनांतून हा निर्णय करता येत नव्हता, कारण एकीने महिना सांगितला होता, दुसरीने वर्ष, आणि आत काय धरले आहे ते एकीनेही सांगितले नव्हते.

पहिल्या शाळेचे वर्णन असे लिहिता आले असते:

इयत्ता १ ली प्रवेश २०२६-२७ | सीबीएसई संलग्न, दहावीपर्यंत | हडपसर
वर्षाची फी ₹६५,००० (शिकवणी, सत्र, परीक्षा). नव्या प्रवेशाला एकदाच ₹१०,०००. परतीची अनामत ₹५,०००. बस वेगळी.

शीर्षकात शाळेचे नाव टाकायचे तेवढे राहिले आहे. वर्णनात विशेषण एकही नाही आणि तरीही शेजारच्या शाळेशी तुलना करायला जे लागते ते सगळे आहे. आकडा वर्षाचा आहे, कंसात काय धरले ते आहे, एकदाच भरायची रक्कम आणि परत मिळणारी रक्कम वेगळ्या आहेत. फी इयत्तेनुसार बदलत असेल, तर ‘₹४८,००० पासून पुढे’ असे मोघम लिहू नये. तो आकडा बहुधा नर्सरीचा असतो आणि वाचणारा पालक पाचवीचा. प्रत्येक प्रवेश-इयत्तेसाठी स्वतंत्र पान आणि स्वतंत्र शीर्षक ठेवले, की ही अडचण उरत नाही.

हे आकडे कुठून घ्यायचे, याचे उत्तर महाराष्ट्रात कायद्याने दिले आहे. राज्याचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे आणि तो खासगी शाळांना लागू आहे, बोर्ड कोणतेही असो. शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा, इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडायची आणि व्यवस्थापनाने सुचवलेली फी त्या समितीपुढे मंजुरीसाठी ठेवायची, अशी ही रीत आहे. मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील राहते आणि ती शाळेच्या सूचना फलकावर लावावी लागते. वर्णनातला आकडा याच तक्त्यातून उतरवलेला असावा. शाळेच्या कार्यालयात गेल्यावर फलकावरचा तक्ता मागितला आणि ‘तो सध्या लावलेला नाही’ असे उत्तर आले, तर वर्णनातल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. प्रवेशासाठी तक्त्याबाहेरची देणगी मागणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यापासून बंद आहे, आणि ‘इमारत निधी’ असे नाव दिल्याने ती वैध होत नाही.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक मात्र साधी असते: वर्ष. शीर्षक नवे होते, २०२५-२६ च्या जागी २०२६-२७ येते, पण खालच्या वर्णनातला आकडा कोणी बदलत नाही. फीची मंजुरी दोन वर्षांची असल्याने पहिल्या वर्षी हे खपून जाते, तिसऱ्या वर्षी जुना आकडा नव्या वर्षाच्या नावाखाली राहतो आणि पालक कार्यालयात पोहोचल्यावर वेगळाच आकडा ऐकतात. यावर उपाय म्हणजे फीच्या आकड्यालगतच तो कोणत्या दोन वर्षांसाठी मंजूर आहे ते लिहिणे: ‘₹६५,००० (२०२६-२७ व २०२७-२८)’. याला वीस-बावीस अक्षरे जास्त लागतात. त्यासाठी ‘बस वेगळी’ हे शब्द पानाच्या आत हलवले तरी चालतात.