दोन लिप्यांतले साळोखे

आमच्या शिवाजी पेठेतल्या कुठल्याही पतसंस्थेत सभासद रजिस्टर मराठीत असतं. वार्षिक सभेची नोटीस, मतदार यादी, लाभांशाची यादी, सगळं त्यातूनच निघतं. शेजारच्या टेबलावरच्या संगणकात तोच सभासद केवायसीच्या कागदांवरून रोमन लिपीत चढलेला असतो. दोन्हीकडे एकच सभासद क्रमांक असता तर हा लेख लिहावा लागला नसता. तो नसतो, म्हणून रोज रात्री दोन याद्या जुळवताना शेवटी नावावरच यावं लागतं. हे काम मी उमेदीची सगळी वर्षं केलं आणि त्याबद्दल माझी मतं ठाम आहेत.

जिस्ट कार्ड आणि निरनिराळ्या फाँटांचा काळ मी भरभर ओलांडतो. त्या काळातल्या फायली एकदा युनिकोडमध्ये नीट आणल्या की ते दुखणं संपतं. एक मात्र मागे उरतं. ‘गोऱ्हे’ हे आडनाव पडद्यावर एकसारखंच दिसतं, पण त्यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो:

```
ऱ + ् + ह          U+0931 U+094D U+0939
र + ् + जोडचिन्ह + ह  U+0930 U+094D U+200D U+0939
```

युनिकोडचं प्रमाणीकरण (NFC) चालवूनही हे दोन एक होत नाहीत. ‘ॲ’ हे अक्षरही कुठे एकसंध असतं, तर कुठे अ आणि वरचा चंद्र असं सुटं. शिंदे आणि शिन्दे यांचं तेच. म्हणून जुळवणी सुरू करण्याआधी हे फरक आपल्याच हातांनी पुसून घ्यावे लागतात. ही पायरी कोणी गाळली असेल तर ते लगेच ओळखू येतं: डोळ्यांना एक दिसणारी दोन नावं ‘न जुळलेली’ म्हणून रोज यादीत येत राहतात.

आता वादाचा मुद्दा. एक पक्ष म्हणतो, देवनागरी नावं तयार लिप्यंतराने रोमनमध्ये करा आणि ताडून पाहा. तसं केलं की कदमचं kadama होतं आणि चव्हाणचं cavhāṇa. शेवटचा अ आपण उच्चारत नाही, आणि च साठी आपल्याकडे कोणी नुसता c लिहीत नाही. ते लिप्यंतर ग्रंथालयाच्या तक्त्यासाठी उत्तम आहे, पण चव्हाणांनी स्वतःच्या सहीत तसं कधी लिहिलेलं नाही. दुसरा पक्ष रोमन नाव देवनागरीत आणतो. हा मार्ग जास्त धोक्याचा, कारण रोमनमध्ये गेलं की ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांतला भेद संपतो, आणि संपलेली माहिती परत कशी येणार? आधार कार्डावरची मराठी ओळसुद्धा बऱ्याचदा रोमन नावावरून यंत्राने केलेली आणि ऑपरेटरने जमेल तशी सुधारलेली असते. तिथे साळोखे ‘सालोखे’ झाले की देवनागरी विरुद्ध देवनागरी ताडूनही जुळत नाहीत.

तिसरे लोक साऊंडेक्स वापरतात. १९१८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी पेटंट घेतलेली ही पद्धत इंग्रजी उच्चारांसाठी आहे. तिच्यात Shinde आणि Sawant दोघांनाही S530 मिळतो, आणि Chavan ला C150 तर Chawan ला C500. म्हणजे शिंदे-सावंत एक आणि चव्हाण-चव्हाण वेगळे! ही पद्धत मराठी नावांवर लावणाऱ्यांशी मी अनेक बैठकांत भांडलो आहे.

माझा आग्रह पहिल्यापासून एकच आहे. एका लिपीचं दुसऱ्या लिपीत रूपांतर करू नका. दोन्ही नावं मराठी जिभेच्या सवयीप्रमाणे एकाच सांगाड्यावर आणा. स्वर काढून टाका. ख चा क, ध चा द करा, रोमनमध्ये व्यंजनामागचा h गाळा आणि देवनागरीत जोडाक्षरातला ह गाळा. ळ-ल एक, ण-न-अनुस्वार एक, श-ष-स एक, v-w एक, ज-झ-z एक. x म्हणजे क्ष. b किंवा p च्या आधीचा m म्हणजे अनुस्वार, म्हणून संभाजी आणि Sambhaji जुळतात. ज्ञ साठी dny, gy, jn ही सगळी रूपं एकाच खुणेवर आणा. ‘राव’ आधीच काढून ठेवा, कारण तो कधी rao असतो, कधी rav आणि कधी नसतोच. आता चव्हाण, Chavan, Chavhan, Chawan या सगळ्यांचा सांगाडा CVN येतो. Chauhan मात्र CHN राहतो, आणि तेच बरोबर आहे.

सांगाडा निकाल देत नाही, तो फक्त उमेदवार गोळा करतो. साळोखे आणि शेळके दोघांचाही SLK येतो. इथे काढून ठेवलेले स्वर परत आणून ताडायचे. साळुंखे SLNK म्हणून आधीच बाजूला पडतात.

नमुन्यादाखल रचलेलं एक प्रकरण पाहू. रजिस्टरात दोन सभासद आहेत: ‘साळोखे राजाराम दत्तात्रय’ आणि ‘साळोखे राजाराम ज्ञानदेव’. संगणकात आहे RAJARAM D SALOKHE. आडनाव आधी की नंतर, हा प्रश्न शब्द सुटे करून ताडले की सुटतो. पण D कोणाचा? मराठी आद्याक्षर द. आणि ज्ञा. असं वेगळं झालं असतं, रोमनमध्ये मात्र Dattatray आणि Dnyandev दोघेही D. सांगाडा दोघांनाही समोर आणतो आणि थांबतो. जन्मतारीख पाहावी, तर दोघांचीही १ जून. आपल्याकडे शाळेत नाव घालताना हीच तारीख इतक्या मुलांना लावली गेली की जुन्या पिढीच्या बाबतीत तिच्यावरून ओळख पटत नाही. १ जानेवारीचंही तसंच, कारण फक्त साल ठाऊक असलं की तीच भरली जाते. मग मोबाइल क्रमांक, तोही नसेल तर सहीचं कार्ड. एवढं होईपर्यंत नोंद ‘प्रलंबित’ राहते आणि कोणाच्याही खात्याला जोडली जात नाही. न जुळलेली नोंद दुसऱ्या दिवशी परत दिसते. चुकीची जुळलेली दिसतच नाही, आणि एकाचा लाभांश दुसऱ्याच्या खात्यात गेल्यावरच ती उघडी पडते.

फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ मध्ये मांडलेलं गणित इथे फार उपयोगी पडतं. दुर्मीळ गोष्ट जुळली तर तिला वजन जास्त, सर्रास आढळणारी जुळली तर कमी. आमच्या पेठेत साळोखे, सरनाईक, चव्हाण, जाधव घरोघरी. इथे आडनाव जुळलं म्हणजे जवळजवळ काहीच जुळलं नाही, आणि पत्ता ‘ए वॉर्ड, शिवाजी पेठ’ जुळला त्याचंही तेच. निर्णय वडिलांच्या नावावर होतो. म्हणून हे वजन राज्याच्या यादीवरून न काढता त्या संस्थेच्याच रजिस्टरावरून काढावं लागतं. साळोखे हे आडनाव नागपूरच्या यादीत आलं तर त्याचं वजन कितीतरी वाढेल. बायकांच्या नावात मधलं नाव लग्नानंतर बदलतं, तेव्हा तिथे त्याचं वजन उतरवावं लागतं आणि पहिलं नाव व मोबाइल यांना वर आणावं लागतं.

हल्ली हे कोणी करत नाही याचं मला फार वाईट वाटतं. बाहेरून तयार जुळवणी विकत घेतात. ती एक टक्केवारी देते, आणि ऐंशीच्या वर असेल ते जोडून टाकतात. ती ऐंशी कुठल्या नावांवर ठरवली, हे विचारणाराही कोणी राहिलेला नाही. शेतकरी ओळख क्रमांकासाठीही आधारवरचं रोमन नाव आणि सातबाऱ्यावरचं मराठी नाव यांच्या जुळणीचा असाच गुणांक निघतो. सातबाऱ्यावर ‘आण्णा’ आणि आधारवर Annasaheb असलेला माणूस त्यात खाली घसरतो. पूर्वी संस्थेत एक कारकून असायचा. नाव ऐकताच हा खंडोबा तालमीजवळचा की निवृत्ती चौकातला, हे तो सांगायचा. तो निवृत्त झाला आणि त्याचं ज्ञान कोणी यादीत उतरवून घेतलं नाही.

ते उतरवायची जागा साधी आहे. एकदा माणसाने पाहून जोडी ठरवली की दोन्ही खाते क्रमांकांची जोडी कायमची वेगळ्या तक्त्यात ठेवायची. दोन्ही मूळ नावांना हात लावायचा नाही. पुढच्या रात्री नाव ताडायचंच नाही, क्रमांक ताडायचा. आणि नाकारलेली जोडीही त्याच तक्त्यात हवी, कोणी आणि कुठला कागद पाहून नाकारली त्यासकट. नाहीतर दत्तात्रय आणि ज्ञानदेव नव्या कारकुनासमोर परत परत येतात, आणि एखाद्या वर्षी मार्चअखेरच्या घाईत तो ‘होय’ दाबतो.