तेरीज जुळली, तरी चूक उरली

अकरावीच्या पुस्तपालन आणि लेखाकर्म या विषयात तेरीज पत्रक आले की वर्गाचे सगळे लक्ष शेवटच्या ओळीकडे असते. नावे बाजूची बेरीज आणि जमा बाजूची बेरीज सारखी आली, की गणित सुटले असे मुले धरून चालतात. तेरीज प्रत्यक्षात एवढेच सांगते की खातेवहीत जेवढे नावे पडले, तेवढेच जमा पडले. ते योग्य खात्यात पडले का, आणि पडायला हवे होते ते सगळे पडले का, याबद्दल ती काहीच बोलत नाही. चुका शोधण्याचा चांगला प्रश्न या दोन्ही बाजू तपासतो. त्याची गुणदान योजनाही तशीच बेतावी लागते, कारण गुण जिथे असतात तिथेच मुलांचा अभ्यास जातो.

एक प्रश्न मुळापासून करून पाहू. वह्या-पुस्तके आणि लेखनसाहित्य विकणारे एक दुकान आहे. ३१ मार्चच्या तेरजेत नावे बाजू ५,१२,६२० रुपये आणि जमा बाजू ५,१०,००० रुपये आली. २,६२० रुपयांचा फरक उचंत खात्यात टाकून तेरीज तात्पुरती जुळवली. मागाहून पाच चुका सापडल्या. विक्री पुस्तकाची बेरीज १,००० रुपयांनी कमी झाली होती. मंगेश या ग्राहकाकडून आलेले ९०० रुपये रोकड पुस्तकात बरोबर लिहिले, पण खतावणी करताना त्याच्या खात्याला नावे टाकले. वीजबिलाचे ३,६४० रुपये वीजखर्च खात्यावर ३,४६० असे उतरले. दुकानात वापरण्यासाठी घेतलेल्या ८,००० रुपयांच्या कपाटाची रक्कम खरेदी खात्याला नावे पडली. सुलभा हिला उधारीवर विकलेल्या २,५०० रुपयांच्या मालाची नोंद कुठेच झाली नाही. विद्यार्थ्याने दुरुस्तीच्या नोंदी द्यायच्या, उचंत खाते तयार करायचे आणि नफ्यावर होणारा परिणाम काढायचा. करांचा भाग प्रश्नातून मुद्दाम बाजूला ठेवला आहे, म्हणजे लक्ष चुकांवरच राहील.

फरक हाती आला की काही ठोकताळे वापरायची पद्धत आहे. फरकाची निम्मी रक्कम शोधायची, कारण नोंद उलट्या बाजूला पडली असेल तर फरक दुप्पट होतो. फरकाला ९ ने भाग जातो का पाहायचे, कारण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. हे ठोकताळे खरे आहेत, पण चूक एकच असेल तर. इथे २,६२० ची निम्मी रक्कम १,३१० होते आणि दुकानाच्या पुस्तकांत १,३१० ची एकही नोंद नाही. २,६२० ला ९ ने पूर्ण भागही जात नाही. दोन्ही वाटा बंद झाल्या की मूल गोंधळते. फरक एका चुकीचा नसून अनेक चुकांची बेरीज-वजाबाकी आहे, एवढे त्यातून कळायला हवे.

अशा वेळी क्रमाने जावे लागते. आधी तेरजेची बेरीज पुन्हा करायची, मग खातेवहीतल्या बाक्या तेरजेत नीट उतरल्या का ते पाहायचे, त्यानंतर सहाय्यक पुस्तकांच्या बेरजा घ्यायच्या आणि शेवटी एकेक खतावणी ताडून पाहायची. या क्रमाने आपल्या उदाहरणात पहिल्यांदा विक्री पुस्तकाची चूक हाती लागते. प्रत्येक ग्राहकाच्या खात्यावर त्याची रक्कम स्वतंत्रपणे गेलेली असते, म्हणून ग्राहकांची खाती बरोबर असतात. विक्री खात्यावर मात्र पुस्तकाची एकूण बेरीज जाते, आणि ती १,००० ने कमी गेली. दुरुस्ती अशी: उचंत खाते नावे १,०००, विक्री खाते जमा १,०००. बरेच विद्यार्थी इथे ऋणकोंचे खाते नावे करून टाकतात. विक्री वाढली म्हणजे कोणीतरी जास्त देणे लागत असणार, असा त्यांचा विचार असतो, पण ऋणकोंच्या खात्यांत चूक झालेलीच नाही.

आता १,६२० चा फरक उरतो. मंगेशचे खाते पाहिले की रोकड नावे ९०० आणि मंगेशही नावे ९०० असे दिसते. त्याच्या खात्यातली चुकीची नोंद पुसायला ९०० आणि बरोबर नोंद करायला आणखी ९०० लागतात. म्हणून उचंत खाते नावे १,८००, मंगेशचे खाते जमा १,८००.

इथे एक गंमतशीर गोष्ट घडते. एवढी दुरुस्ती केल्यावर फरक कमी होण्याऐवजी उलटतो. आतापर्यंत नावे बाजू जड होती, आता ती १८० ने हलकी पडते. परीक्षेत असे झाले की मुले आधीची बरोबर दुरुस्तीही खोडून टाकतात. खरे तर आता शोध सोपा झाला आहे. १८० ला ९ ने भागले की २० येतात. या २० मध्ये दोन माहिती दडल्या आहेत: अदलाबदल शतक आणि दशक या स्थानांतल्या अंकांची आहे, आणि त्या दोन अंकांत २ चा फरक आहे. नावे बाजू कमी पडते आहे, म्हणजे खर्चाच्या किंवा मालमत्तेच्या खात्यावर पाहावे. ३,६४० चे ३,४६० झालेले वीजबिल यात नेमके बसते. वीजखर्च खाते नावे १८०, उचंत खाते जमा १८०.

उचंत खात्यात सुरुवातीला जमा बाजूला २,६२० होते, त्यात १८० मिळून २,८०० झाले. नावे बाजूला १,००० आणि १,८०० मिळून तेवढेच. खाते मिटले. तेरीज दोन्हीकडे ५,११,००० वर जुळली.

पुस्तके मात्र अजून चुकीचीच आहेत. कपाट खरेदी खात्यात आहे आणि सुलभाची विक्री कुठेच नाही. पहिली तत्त्वाची चूक आहे: दुकानात राहणारी वस्तू विकायच्या मालात धरली गेली. नावे रक्कम नावेच पडली असल्याने तेरजेला तिचा पत्ता लागत नाही. दुरुस्ती: फर्निचर खाते नावे ८,०००, खरेदी खाते जमा ८,०००. दुसरी लोपाची चूक आहे. दोन्ही बाजू सारख्याच गाळल्या गेल्या, म्हणून तीही लपून राहते. सुलभाचे खाते नावे २,५००, विक्री खाते जमा २,५००. यानंतर खरी तेरीज ५,१३,५०० ची होते.

आता नफा पाहू. विक्रीची बेरीज सुधारल्याने नफा १,००० ने वाढतो आणि वीजखर्च वाढल्याने १८० ने घटतो. कपाट खरेदीतून निघाल्याने ८,००० आणि सुलभाच्या विक्रीमुळे २,५०० ने वाढतो. मंगेशच्या चुकीचा नफ्याशी संबंध नाही, कारण ती फक्त येण्याची बाब आहे. एकूण वाढ ११,३२० रुपये. त्यातले १०,५०० रुपये तेरजेने न पकडलेल्या दोन चुकांचे आहेत. ज्या तीन चुकांमुळे तेरीज बिघडली, त्यांचा नफ्यावरचा निव्वळ परिणाम अवघा ८२० रुपये. कपाटावरचा घसारा धरला तर आकडा थोडा बदलेल, म्हणून प्रश्नात घसारा दुर्लक्षित करा असे स्पष्ट लिहिलेले असावे.

गुणदान योजना या हिशेबाला धरूनच हवी. पंधरा गुणांच्या प्रश्नात पाच दुरुस्तींना प्रत्येकी दोन गुण द्यावेत: एक योग्य खाती आणि योग्य बाजू यासाठी, एक रकमेसाठी. उचंत खात्याला तीन गुण: सुरुवातीची बाकी जमा बाजूला घेतल्याबद्दल एक, नोंदी उतरवल्याबद्दल एक आणि खाते खऱ्या नोंदींनी मिटल्याबद्दल एक. नफ्यावरच्या परिणामाला दोन गुण: कोणत्या चुका नफा बदलतात हे ओळखण्याचा एक आणि ११,३२० या आकड्याचा एक. कपाट आणि सुलभा यांना बाकीच्या चुकांइतकेच गुण ठेवणे महत्त्वाचे आहे. तेरजेवर परिणाम नाही एवढेच लिहून नोंद न देणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे गुण मिळू नयेत, कारण दुरुस्ती त्याने केलेलीच नाही.

एकाच चुकीची शिक्षा दोनदा होऊ नये, हे परीक्षकाने कटाक्षाने पाळावे. समजा, एखाद्याने मंगेशसाठी १,८०० ऐवजी ९०० लिहिले. त्याचा रकमेचा गुण गेला. पुढे उचंत खात्यात त्याने स्वतःचे ९०० नीट उतरवले असतील तर नोंदींचा गुण त्याला द्यायलाच हवा. खाते मात्र मिटणार नाही, म्हणून तो एक गुण जाईल. ९०० च्या दोन वेगळ्या नोंदी करणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत, कारण परिणाम तोच आहे. उरलेली रक्कम फरक म्हणून घुसवून ज्याने उचंत खाते जबरदस्तीने मिटवले, त्याला मिटवण्याचा गुण नाही.

उचंत खात्यात काय उरले यावरून चूक कुठे झाली तेही परीक्षकाला ओळखता येते. ९०० उरले तर मंगेशची रक्कम दुप्पट केलेली नाही. १,००० उरले तर विक्री पुस्तकाची दुरुस्ती उचंतऐवजी ऋणकोंकडे गेली. ३६० उरले तर वीजबिलाची दुरुस्ती उलट्या बाजूला झाली. ८,००० उरले तर कपाटाला विनाकारण उचंत खाते जोडले. या चार आकड्यांची चिठ्ठी गुणदान योजनेला जोडली, तर गठ्ठ्यातल्या उत्तरपत्रिका भराभर तपासता येतात, आणि समासात नुसती फुली मारण्याऐवजी विद्यार्थ्याला नेमके काय चुकले ते दोन शब्दांत लिहूनही देता येते.

टॅलीसारख्या प्रणालीत नावे आणि जमा रक्कम सारखी असल्याशिवाय व्हाउचर जतनच होत नाही, आणि बेरजा व खतावणी यंत्रच करते. त्यामुळे पहिल्या तीन चुका संगणकावर या रूपात जवळजवळ होत नाहीत. कपाट खरेदीत टाकणे आणि एखादे बिल नोंदवायचे राहून जाणे मात्र तिथेही तितकेच सहज घडते. या चुका बेरजांवरून सापडत नाहीत. त्यासाठी बिलबुकातले अनुक्रमांक सलग आहेत का ते पाहावे लागते, ग्राहकाकडून त्याच्या बाकीची खातरजमा करून घ्यावी लागते आणि खरेदी खात्यातली मोठी, एकेकटी रक्कम उघडून तिचे मूळ बिल वाचावे लागते. म्हणून याच प्रश्नाला एक उपप्रश्न जोडता येईल: कपाटाची आणि सुलभाची चूक तुम्हाला कोणत्या कागदावरून सापडली असती? दोन कागदांना दोन गुण: कपाटासाठी खरेदीचे मूळ बिल, सुलभासाठी बिलबुकातली नोंद न झालेली पावती.