रिफंड कोणाच्या नावावर, किती वाजता?

सुपरमार्केटच्या काउंटरवरून रोख पैसे लांबवायचे, तर सरळ गल्ल्यात हात घालून भागत नाही. रात्री गल्ला मोजला की तूट लगेच उघडी पडते. हा बंदोबस्त जुना आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक सलूनमालक होता. नोकर पैसे खातात म्हणून वैतागून त्याने 1879 मध्ये रोकड नोंदवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. विक्री झाली की तिची नोंद राहणार, हे त्यामागचं तत्त्व आजही बिलिंगच्या संगणकात टिकून आहे. पण माल परत घेण्याची सोय दुकानाला ठेवावीच लागते, आणि पळवाट निघते ती तिथूनच.

गिऱ्हाईक 640 रुपयांचा माल रोखीने घेऊन जातं. बिल काउंटरवरच पडून राहतं. थोड्या वेळाने कॅशिअर त्याच बिलावर ‘माल परत’ अशी नोंद करतो आणि 640 रुपये खिशात घालतो. संगणकाच्या हिशेबी आता गल्ल्यात तेवढी रक्कम कमीच असायला हवी, त्यामुळे रात्री गल्ला पैशापैशाने जुळतो. खोट पडते ती साठ्यात. संगणक म्हणतो तेलाचा डबा फडताळावर परत आला, आणि तो तर कधीच गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेला असतो. साठ्याची मोजणी वर्षातून एकदा-दोनदा होते आणि तेव्हा ही तूट चोरी किंवा नासाडीच्या खात्यात टाकून मोकळं होतात. शिवाय अशा नोंदीने विक्री कमी दिसते, म्हणजे खोटा आकडा जीएसटीच्या विवरणपत्रापर्यंत जातो.

म्हणून रोजच्या बिलांच्या यादीतून रिफंड वेगळे काढून ते कोणाच्या नावावर आणि कोणत्या वेळेला साचतात हे बघणं उपयोगाचं ठरतं. मात्र हे बघण्याची जी पद्धत सर्वांत आधी सुचते, तीच निरपराध माणसाला अडकवते. एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत असे ठरवलेले आहेत.

एका दुकानात क, ख, ग आणि घ असे चार कॅशिअर आहेत. महिन्यात प्रत्येकाने 2500 बिलं केली. रिफंड झाले क 15, ख 21, ग 24 आणि घ 40. मालकाची नजर अर्थातच घ वर जाते. पण घ महिनाभर फक्त संध्याकाळच्या पाळीत बसलेला आहे. कामावरून परतणारे लोक चुकीच्या मापाचा डबा, मुदत संपलेलं पाकीट घेऊन संध्याकाळीच येतात. क आणि ख यांनी मिळून संध्याकाळी 1500 बिलं केली आणि त्यांच्याकडे 24 रिफंड झाले, म्हणजे शंभरात 1.6. घ चं प्रमाणही बरोबर तेवढंच आहे. त्याच्यावर संशय घ्यायला काहीच आधार नाही.

आता ग बघा. तो फक्त सकाळी बसतो. सकाळच्या पाळीत क आणि ख यांची 3500 बिलं आहेत आणि रिफंड अवघे 12. त्या प्रमाणात ग च्या 2500 बिलांवर साधारण 9 रिफंड यायला हवे होते. आले 24. गोळाबेरजेत मधोमध दिसणारा माणूस वेळेच्या चौकटीत ठेवला की एकदम वेगळा पडतो. इथे एक काळजी घ्यावी लागते. सकाळची सरासरी काढताना ग ला त्यातून बाहेर ठेवायचं. त्याला धरून सरासरी काढली तर अपेक्षित आकडा 9 ऐवजी 15 येतो, कारण ती सरासरी त्यानेच फुगवलेली असते.

9 ऐवजी 24 हा निव्वळ योगायोग असू शकतो का? कामचलाऊ नियम असा: अपेक्षित आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याची तिप्पट अपेक्षित आकड्यात मिळवा. 9 चं वर्गमूळ 3, तिप्पट 9, म्हणजे मर्यादा 18. तिच्या पलीकडे गेलं तर खूण करावी. अपेक्षित आकडा पाचच्या खाली असेल तर मात्र हा नियम लावू नये. म्हणूनच एका दिवसावरून कोणाबद्दल काही ठरवता येत नाही. एक कॅशिअर दिवसाला शंभरेक बिलं करतो आणि सकाळी त्यावर एखादाही रिफंड येत नाही. रोज रात्री त्या दिवसाच्या नोंदी जोडायच्या, पण हिशेब मागच्या तीस दिवसांचा करायचा. चार कॅशिअर, बारा तास, तीस दिवस असे तुकडे पाडले तर 1440 खाने होतात. शंभरात एकदा चुकणारी कसोटी त्यावर लावली तरी चौदा-पंधरा खोट्या खुणा उमटतील, आणि आठवड्याभरात त्या यादीकडे कोणी बघेनासं होईल.

खूण उमटल्यावर ग चे 24 रिफंड एकेक करून वाचायचे. समजा त्यातले 14 दुपारी दीड ते दोनच्या दरम्यानचे निघाले. ती वेळ दुकान रिकामं असण्याची; तेवढ्या वेळात महिन्याभरात त्याची जेमतेम 150 बिलं आहेत. या चौदांमधले 12 रोखीचे आहेत आणि मूळ बिल प्रत्येक वेळी दहा मिनिटांच्या आतलं, त्याच काउंटरचं आहे. खरं गिऱ्हाईक घरी जातं, पिशवी उघडतं, मग परत येतं. त्याला काही तास किंवा दिवस लागतात. दहा मिनिटांतला रिफंड सहसा चूक दुरुस्त करण्यासाठी असतो: दोनदा स्कॅन झालेली वस्तू, ऑफरचा न लागलेला भाव. पण तशा दुरुस्तीच्या पाठोपाठ जवळपास त्याच वस्तूंचं नवं बिल निघालेलं दिसतं. या बारांच्या मागे असं बिलच नाही. माझ्या मते एवढी एक तपासणी बाकी सगळ्या आकडेमोडीइतकीच मोलाची आहे, आणि दुकानदार नेमकी तीच विसरतात.

इथवर आल्यावरही ग ला बोलावून जाब विचारायची घाई करू नये. आधी घड्याळ तपासावं. काही बिलिंग प्रणाली वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवतात. यादी काढताना साडेपाच तास मिळवायचे राहून गेले, तर संध्याकाळी सातचा रिफंड दुपारी दीडचा दिसतो, आणि संध्याकाळची नेहमीची गर्दी ओस दुपारच्या माथी बसते. ताजं बिल फाडून कागदावरची वेळ आणि यादीतली वेळ ताडून बघितली की याचा निकाल लागतो.

मग त्या बारा वेळांचं सीसीटीव्हीचं चित्रण बघावं. काउंटरसमोर कोणी माल घेऊन उभं आहे का, एवढंच शोधायचं. चित्रण बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांत पुसलं जातं, म्हणून हिशेब महिनाअखेरीपर्यंत न लांबवता रोज रात्री करायचा. नुकत्याच झालेल्या नोंदींसाठी, परत आल्याचं दाखवलेली वस्तू त्याच दिवशी फडताळावर मोजून बघता येते.

आणि चित्रणात काउंटरवर कोण बसलेलं आहे, हे नीट बघावं. दीड वाजता ग जेवायला उठतो. लॉगिन चालूच राहतं, आणि त्या अर्ध्या तासात बदली माणूस त्याच्याच नावावर बिलं करतो. यादीत नाव येतं ते पासवर्डचं, माणसाचं नाही. रिफंडला सुपरवायझरचा पिन लागत असेल तरी तो पिन काउंटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला असला, तर मंजुरी कोणी दिली हेही नोंदीवरून कळत नाही. अशा दुकानात आधी प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करावं, जागेवरून उठताना ते बंद करायची सक्ती करावी, पिन बदलावा, आणि पुढच्या तीस दिवसांत दीड ते दोनचे रिफंड कोणाच्या नावावर जातात ते बघावं. तोवर ग च्या पगारातून एक रुपयाही कापला जाता कामा नये.