पितळी वजनांवरचे शिक्के : पेटीतल्या मापांचा काळ कसा ओळखावा

मंडणगडासारख्या तालुक्याच्या गावी जुन्या दुकानाची पोटमाळ्यावरची पेटी उघडली, की एक ठरावीक दृश्य समोर येते. तळाशी काळवंडलेला पितळी ताजवा, त्याच्या साखळ्यांचा गुंता, आणि फडक्यात बांधलेली पाच-सात वजने. लोखंडी वजने कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत पापुद्रे सुटून निकामी झालेली असतात. पितळ हिरवे पडते, पण टिकते. घरातली वडील मंडळी सांगतात, ‘ही पणजोबांची, शंभर-दीडशे वर्षांची.’ भंगारवाला तीच वजने किलोच्या भावाने मागतो. दोघांच्या बोलण्यात जे अंतर आहे, त्याचा निवाडा पुष्कळदा वजनाच्या बुडाशी ठोकलेल्या दोन-तीन बारीक खुणांवर होतो. त्या खुणा वाचता आल्या नाहीत म्हणून कितीतरी घरांतली वजने ओतशाळेत वितळली आहेत.

मंडणगड तालुक्याचा जुना व्यापार सावित्रीच्या खाडीवरचा. बाणकोट आणि म्हाप्रळ ही त्याची बंदरे, आणि माल मुंबईहून जलमार्गाने येई. भात आणि नाचणी पायली-अधोलीने, म्हणजे आकारमानाने मोजली जात. तराजू लागे तो सुपारी, साखर, गूळ आणि मसाल्याला. त्यामुळे या भागातल्या पेटीत पितळी वजने सापडतात ती बहुधा लहान, अदपाव ते शेर या टप्प्यातली.

अशी एक पेटी नमुन्यासाठी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात दिसायला जवळजवळ सारखी तीन वजने आहेत. तिघांनाही घरात ‘पावशेर’ म्हणतात. काळ ठरवण्याची पहिली पायरी शिक्का नव्हे. पहिली पायरी म्हणजे ती तिन्ही वजने सराफाच्या अचूक काट्यावर ठेवणे. स्वयंपाकघरातला काटा कामचलाऊ उत्तर देतो, पण ग्रॅमच्या अंशातला फरक तिथे दिसत नाही. समजा, काट्याने पहिल्याचे २२६.५, दुसऱ्याचे २३२.७ आणि तिसऱ्याचे १९९.८ ग्रॅम सांगितले. इतक्यानेच तीन वेगळे काळ आणि तीन वेगळ्या पद्धती समोर उभ्या राहतात.

पहिले वजन इंग्रजी पद्धतीचे. अर्धा पौंड, म्हणजे आठ औंस, हे २२६.८ ग्रॅम भरते. दुसरे खरे पावशेर. एक तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, ८० तोळ्यांचा शेर ९३३.१ ग्रॅमचा, त्याचा चौथा हिस्सा वीस तोळे, २३३.३ ग्रॅम. आपले वजन त्याहून अर्ध्या ग्रॅमने कमी आहे, ती बोटांची आणि पारड्याची झीज. तिसरे दोनशे ग्रॅमचे, दशमान पद्धतीचे. नव्या काळातही घराने त्याला जुन्याच नावाने हाक मारली, एवढेच.

काटा जवळ नसेल तेव्हा जुने जाणकार चांदीच्या रुपयाचा आधार घेत. ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया नेमका एका तोळ्याचा, १८० ग्रेनचा होता. एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात न झिजलेले वीस रुपये ठेवून पारडी समतोल झाली, तर ते वीस तोळे. चलनात फिरून गुळगुळीत झालेला रुपया मात्र या कामी फसवतो.

पद्धत कळली की कायद्याच्या तारखा कामाला येतात. मुंबई इलाख्यात वजने-मापे एकसारखी करणारा कायदा १९३२ साली झाला आणि त्याने ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण प्रमाण ठरवला. त्याआधी १८७० व १८७१ साली साऱ्या हिंदुस्थानासाठी किलोग्रॅमवर आधारलेली मापे आणण्याचे कायदे झाले होते, पण ते अमलात आलेच नाहीत. पुढे १९३९ साली तोळा-शेर-मणाचा अखिल भारतीय कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने किलोग्रॅम स्वीकारला गेला; १ ऑक्टोबर १९५८ पासून काही भागांत ही वजने सुरू झाली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती सर्वत्र सक्तीची झाली. म्हणून वीस तोळ्यांच्या वजनावर मुंबई सरकारच्या निरीक्षकाचा शिक्का असेल, तर तो १९३२ च्या आधीचा नाही आणि १९६२ च्या नंतरचा नाही. जास्तीत जास्त तीस वर्षांची ही खिडक. शिक्का नसेल तर वजन याहून जुने असू शकते, पण नुसते शिक्का नसणे हा जुनेपणाचा पुरावा ठरत नाही. तपासणी चुकवलेले वजनही शिक्क्याविनाच राही.

इंग्रजी वजनाची गोष्ट निराळी. इंग्लंडात तपासलेल्या वजनावर मुकुट आणि त्याखाली राजाची आद्याक्षरे ठोकलेली असत. ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. ‘ई आर’ म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. ‘जी आर’ म्हणजे पाचवा किंवा सहावा जॉर्ज, १९१० ते १९५२. मुकुटाजवळ आकडा असेल, तर तो बहुधा वर्षाचा नसून तपासणी करणाऱ्या स्थानिक कचेरीचा क्रमांक असतो. क्रमांकाला साल समजून कित्येकांनी आपले वजन नको तितके जुने ठरवले आहे. कारखानदाराचे नावही तारीख ठरवायला अपुरे पडते. बर्मिंगहॅमच्या एव्हरी कंपनीसारख्यांचे नाव पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले.

तिसऱ्या, दशमान वजनावर वाचायला सर्वांत जास्त असते. वरच्या बाजूस नागरी व इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत परिमाण असते. बुडाशी किंवा कडेला बारीक शिक्क्यांची गर्दी दिसते. एका शिक्क्यात निरीक्षकाची ओळखखूण, वर्षाचे शेवटचे दोन आकडे, आणि तिमाहीचे अक्षर असते: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. वजनाची फेरतपासणी आजच्या नियमाने दर चोवीस महिन्यांनी होते. प्रत्येक तपासणीला नवा शिक्का पडतो, म्हणून पितळी वजनाच्या बुडाशी वर्षांची एक साखळीच तयार होते.

समजा, बुडावर ६४, ६६, ६८, मग एकदम ७४ आणि शेवटी ७६ असे आकडे सापडले. यातून काय निघते? ६४ चा शिक्का पहिला, म्हणून वजन त्या वर्षी किंवा त्याआधी घडले. ग्रॅमची वजने १९५८ पासूनची, तेव्हा घडण १९५८ ते १९६४ मधली. पहिला शिक्का जन्मतारीख सांगत नाही, ती याहून पुढची नाही एवढेच सांगतो. ६८ नंतरची खोट दुकान बंद असल्याची असेल, वजन सुटे पडल्याची असेल, किंवा मधला शिक्का घासला गेल्याची. ७६ नंतर काही नाही, तेव्हा त्या सुमारास वजन गल्ल्यावरून निघाले असावे. वडिलांनी दुकान कोणत्या साली मोठ्या भावाकडे सोपवले, हा घरात वादाचा विषय असेल, तर असा शिक्का कागदापेक्षा अधिक बोलतो.

येथे एक सापळा आहे. अडुसष्ट हा इंग्रजी आकडा उलटा धरला की एकोणनव्वद वाचला जातो, सहासष्टाचे नव्व्याण्णव होतात, शहाऐंशीचे अठ्ठ्याण्णव. गोल वजनाला वर-खाली अशी बाजू नसते, म्हणून चूक सहज होते. उपाय शेजारच्या अक्षरात आहे. ए चे टोक वर, सी चे तोंड उजवीकडे, बी आणि डी चे पोट उजवीकडे आले, की आकडा सरळ धरला आहे असे समजावे.

ज्या वजनांच्या बुडाशी शिसे भरलेली खोबण असते, तिथे साखळी मिळत नाही. झीज भरून काढण्यासाठी शिसे वाढवतात, त्यावरच शिक्का मारतात, आणि पुढच्या वेळी मऊ शिशावरचा जुना शिक्का ठोकून सपाट होतो. तिथे शेवटची तपासणी तेवढी वाचावी. खोबणीतले शिसे गळून गेले असेल, तर वजन कमी भरेल. त्या कमी भरण्याला लबाडी म्हणण्याआधी खोबण पाहावी.

तराजूचा काळ स्वतंत्र ठरवावा लागतो. दांडी, पारडी आणि साखळ्या एकाच वयाच्या असतील असे नाही. साखळी तुटे, पारडे चेपे, आणि दोन्ही बाजारातून नवी येत. शिक्का दांडीवर शोधावा. दांडीवर इंग्रजीत शहराचे नाव ‘मुंबई’ असे असेल, तर ती बहुधा १९९५ नंतरची. दांडीच्या एका टोकाला तारेने बांधलेला धातूचा तुकडा दिसला, तर तो पासंग. रिकाम्या पारड्यांतला फरक मोडण्यासाठी बांधलेला. ‘पासंगालाही पुरत नाही’ हा आपला वाक्प्रचार तिथलाच. पासंग रिकामा तराजू समतोल करतो, पण दांडीचे दोन हात लांबीला असमान असतील तर ते दुरुस्त करीत नाही. ते ओळखण्यासाठी तोच जिन्नस एकदा डाव्या व एकदा उजव्या पारड्यात तोलावा. एकदा ५०० आणि एकदा ४९० ग्रॅम आले, तर खरे वजन सुमारे ४९५, आणि दांडीत दोष आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ सांगितले आहे, म्हणजे घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे लहान ठेवणे. दांडीतला हा दोष न्याहाळताना तो शब्द आठवल्याशिवाय राहत नाही.

बनावट मालही बाजारात आहे. शोभेसाठी ओतलेल्या वजनांवर मुकुट आणि ‘व्ही आर’ सर्रास दिसतात. खरा शिक्का ठोकलेला असतो. त्याच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो, तो कधी तिरका पडतो, कधी एका बाजूने खोल. ओतलेला शिक्का मऊ, कणीदार असतो आणि प्रत्येक नगावर त्याच जागी तसाच बसलेला असतो.

हे सारे वाचायचे तर आधी चिंच आणि पितांबरी दूर ठेवावी. झळाळी येते, पण शिक्क्याची कड जाते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. खाचेतला मळ लाकडी काडीने काढावा. मग खडूची भुकटी चोळून वरची पुसून टाकावी, आणि अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश कडेने, जवळजवळ आडवा पाडून पाहावे. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतली तर तीही जपता येते. जुनी वजने व्यवहारात वापरणे किंवा त्यासाठी दुकानात ठेवणे कायद्याने चालत नाही. ती घरीच असावीत.

ज्या घरांत जुन्या वह्या आहेत, तिथे या वजनांचा आणखी एक उपयोग होतो. वहीत ‘सुपारी १ मण’ असे लिहिले असेल, तर तो मण कोणता? जुना मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोंचा, ८० तोळी शेराचा मण ३७.३ किलोंचा. उधारीच्या एकाच ओळीचा अर्थ जवळजवळ तिपटीने बदलतो. वहीच्या काळातले शेराचे वजन त्याच पेटीत मिळाले, तर ते काट्यावर ठेवावे: ३१८ ग्रॅमच्या आसपास भरले तर पहिला मण, ९३३ च्या आसपास भरले तर दुसरा.