नानांना बरे करता येणार नाही, हे लिहिताना

“नानांचा कॅन्सर आता बरा होणार नाही. यापुढचे उपचार त्यांच्या वेदना, मळमळ आणि घालमेल आटोक्यात ठेवण्यासाठी असतील.” ही दोन वाक्ये डॉक्टरांच्या पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवीत. प्रत्यक्षात घरच्यांच्या हाती पडते ते डिस्चार्ज कार्ड, आणि त्याच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ: बेस्ट सपोर्टिव्ह केअर. ‘बेस्ट’ वाचून कुणाला बरेही वाटते.

तोंडी सांगून भागत नाही, याचे कारण साधे आहे. ‘बरे होणार नाही’ हे कानावर पडल्यावर पुढचे फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही. जे राहते ते प्रत्येकाचे निराळे. थोरली म्हणते, डॉक्टर केमो नको म्हणाले. धाकट्याने ऐकलेले असते, ‘आत्ता नको’. अमेरिकेतला मुलगा फोनवरून दुसरे हॉस्पिटल सुचवतो. ब्रिटनमध्ये २०१८ साली डॉक्टरांच्या शिखर संस्थेने सूचना काढली, की बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांनी साध्या भाषेत थेट रुग्णालाच पत्र लिहावे. आपल्याकडे ही पद्धत रुळलेली नाही. पण एक कागद सगळ्या भावंडांनी वाचला, तर निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

असे पत्र कसे असावे, हे एका कल्पित पण नेहमी दिसणाऱ्या उदाहरणावरून पाहू. नाना ७१ वर्षांचे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, निदान होतानाच यकृतात पसरलेला. कावीळ उतरावी म्हणून पित्तनलिकेत स्टेंट घातला, केमो दिली, तरी नव्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी वाढलेल्या. आता दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ ते अंथरुणात असतात.

केमो का थांबवली, याचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे आणि पत्रात ते उघड लिहायला हवे. जो माणूस निम्मा दिवस झोपून काढतो, त्याच्या शरीराला केमो झेपत नाही. गाठ आवरण्याआधी जंतुसंसर्ग आणि अशक्तपणाच त्याला गाठतात. ‘वय झाले’, ‘पैसे वाया जातील’ ही कारणे नव्हेत. खरे कारण लिहिलेले नसले की घरचे आपल्या मनाने एखादे शोधतात, आणि ते बहुधा कुणाला तरी दोष देणारे असते.

मग येतो वेळेचा प्रश्न. तारीख कुणीच देऊ शकत नाही, पण ‘देवाच्या हातात’ म्हणून सोडून देणेही बरोबर नाही. अनुभवी डॉक्टर एक ठोकताळा वापरतात: प्रकृतीत महिन्यागणिक फरक पडत असेल तर हाताशी महिने आहेत, आठवड्यागणिक पडत असेल तर आठवडे, रोज पडत असेल तर दिवस. नानांच्या पत्रात असे लिहिता येईल: “मागच्या आठवड्यात ते अंगणात येत होते, या आठवड्यात संडासापर्यंत जायलाही धरावे लागते. म्हणून आमचा अंदाज काही आठवड्यांचा आहे. तो चुकू शकतो. नातीला भेटायचे असेल, बँकेच्या सह्या राहिल्या असतील, तर आत्ताच उरकून घ्या.”

पत्राचा सर्वात कामाचा भाग वेदनेचा. स्वादुपिंडाचे दुखणे पोटातून पाठीत आरपार जाते. माणूस पुढे वाकून बसतो, उताणा झोपू शकत नाही. त्यावर मॉर्फिनच्या गोळ्या. डोस प्रत्येकाचा वेगळा असतो. नानांची सुरुवात ५ मिलिग्रॅमने आहे. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. दुखण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून द्यायची. मध्येच कळ आली तर तेवढाच एक जादा डोस, आणि तो वहीत टिपायचा, कारण डॉक्टर त्या नोंदींवरूनच पुढचा डोस ठरवतात. सोबत रोज रात्री जुलाबाचे औषध. ते विसरले की बद्धकोष्ठ होते आणि घरचे मॉर्फिनच बंद करतात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मग उतरते. पण हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास फारच संथ झाला असेल, तर पुढची गोळी न देता ताबडतोब फोन करायचा.

‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ ही भीती पत्रातच खोडून काढावी लागते. वेदनेसाठी नीट मापून दिलेल्या मॉर्फिनने मरण लवकर येत नाही, आणि अशा रुग्णाला त्याचे व्यसन लागणे विरळाच. ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मात्र मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे अनेक परवान्यांचे जंजाळ होते. २०१४ च्या दुरुस्तीने ते सैल झाले, तरी गोळ्या मान्यताप्राप्त संस्थांतूनच मिळतात. म्हणून कुठल्या खिडकीवर, कोणते कागद घेऊन आणि किती दिवसांच्या मिळतील, हे पत्रात हवे.

घरात खरा तंटा होतो तो जेवणावरून. “खात नाहीत म्हणून खंगले, एक सलाईन तरी लावा.” वस्तुस्थिती उलटी आहे. या टप्प्यावर कॅन्सरच शरीराला अन्न वापरू देत नाही, भूकही तोच मारतो. सलाईनचे पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचते, धाप वाढते. नाना मागतील तेव्हा दोन चमचे पेज, बर्फाचा खडा, ओठांना तूप, एवढे पुरे. घास कोंबायचा नाही. आईने आयुष्यभर ज्यांना वाढले, त्यांना न वाढणे तिला किती जड जाईल, हे डॉक्टरांनी ओळखावे आणि ते वाक्य तिला उद्देशून लिहावे.

“बाबांना काही सांगू नका” ही विनंती जवळजवळ प्रत्येक घरातून होते. माझ्या मते डॉक्टरांनी तिला सरसकट होकार देऊ नये. नानांना किती जाणून घ्यायचे आहे, हे नानांनाच विचारावे. बऱ्याचदा त्यांना आधीच कळलेले असते. व्हेंटिलेटर नको असेल तर ते त्यांनी शुद्धीत असतानाच लिहून ठेवायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

शेवटच्या परिच्छेदात शेवटचे दिवस. झोप वाढेल, लघवी कमी होईल, हातपाय गार पडतील, घशात घरघर होईल. त्या घरघरीचा त्रास ऐकणाऱ्यांना जास्त होतो. कुशीवर वळवले की ती कमी होते. अशा वेळी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली तर माणूस आयसीयूत जातो. त्याऐवजी कोणाला, कोणत्या नंबरवर, रात्री किती वाजेपर्यंत फोन करायचा, हे ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. घरी सांभाळणे शक्य नसेल, तर वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याच्या सिप्ला केंद्रात अशा रुग्णांची विनामूल्य काळजी घेतली जाते. शांती आवेदनाची शाखा गोव्यात लोटलीलाही आहे.

आणि एक गोष्ट बहुतेक पत्रांत राहून जाते. घरी मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचा दाखला शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना हे पत्र आजच दाखवा आणि ते घरी येऊन दाखला देतील ना, हे विचारून ठेवा.