मोबाईल खिशात गेला की आवाज का तुटतो?

(या भागात बोललो ते थोडं नीट करून इथे लिहून ठेवलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचून घ्या.)

आजचा भाग मालवणच्या एका श्रोतीच्या व्हॉइस मेसेजवरून सुचला. तिचा मेसेज असा होता: "दादा, घरात सगळा बराबर असता. चिवल्यार गेलंय आणि मोबाईल मागच्या खिशात घातलंय काय आवाज तुटाक लागता. थंय तर रिकामीच जागा, मगे असा कित्याक?"

ही ताई दिवसभर कामावर असते आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करते. संध्याकाळी चिवला बीचवर तासभर चालायचं आणि चालता चालता ऑडिओ नोट्स ऐकायच्या, एवढाच तिचा अभ्यासाचा वेळ. गाणं अर्धा सेकंद तुटलं तर चालून जातं. पण "अमुक कायदा सन..." इथेच आवाज गेला तर नेमकं वर्षच गळतं. पहिल्या पगारातून घेतलेले इअरबड्स. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "रेंज कमी आहे, भारीतले घ्या." ती नवीन घ्यायच्या बेतात होती. मी म्हटलं, ताई, पैसे खर्च करायच्या आधी चार दिवस थांब.

कारण तिच्या प्रश्नातच एक गंमत आहे. बाजारपेठेत शेकडो मोबाईल, दुकानादुकानात वायफाय, तरी तिथे आवाज बऱ्यापैकी नीट येतो. आणि समुद्रावर, जिथे अडथळा करायला काहीच नाही, तिथे सगळ्यात जास्त तुटतो. हे उलटं का?

आधी रेंजचा हिशोब बघू. साधं ब्लूटूथ साधारण 2.5 मिलिवॅट एवढ्या किरकोळ ताकदीवर बोलतं, आणि मोकळ्यात समोरासमोर असेल तर ढोबळमानाने 10 मीटर पोचतं. आता मागच्या खिशापासून कानापर्यंत अंतर किती? मीटरभरसुद्धा नाही. म्हणजे रेंज भरपूर शिल्लक असायला हवी. मग ती जाते कुठे?

ती आपल्या अंगात जाते. ब्लूटूथच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या असतात, आणि या लहरींना पाणी, त्यातही खारट पाणी, फार जड जातं. आपलं अंग म्हणजे बरंचसं खारट पाणीच. लहर मांसात शिरली की दोन-तीन सेंटीमीटरमध्येच तिचा बराचसा जोर संपतो. मागच्या खिशातून सरळ रेषेत डाव्या कानाकडे जायचं तर मध्ये कंबर, पाठ, खांदा. आरपार जवळपास काहीच जात नाही. (घाबरू नका, ताकदच मिलिवॅटमधली आहे, त्याने अंग तापत नाही.)

एक सोपं गणित करू. मोकळ्या हवेत अंतर दहापट झालं की पोचणारी ताकद शंभराव्या भागावर येते. आता समजा, अंग आडवं आल्यामुळे शंभरातला एकच भाग कानापर्यंत पोचला. म्हणजे फोन आहे एक मीटरवर, पण इअरबडला तो वाटतो दहा मीटरवर! पॅकेटवर लिहिलेली सगळी रेंज खिशातच संपली.

"पण दादा, मग घरात कसा चालता?" तिचा पुढचा प्रश्न. अगदी बरोबर प्रश्न.

घरात लहरी अंगातून जातच नाहीत, वळसा घालून जातात. चिऱ्याची भिंत, फरशी, कपाट, स्लॅब, जे मिळेल त्यावर आपटून परत येतात. खिशातून निघालेली लहर मागच्या भिंतीवर आपटते, तिथून छताकडे, तिथून कानात. बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं, तिथेही हेच होतं. आणि चिवल्यावर? एका बाजूला समुद्र, वर आभाळ. लहर निघाली की निघाली, ती सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दिशेने गेली तरी परत यायची नाही. ओल्या वाळूवरून थोडी उसळून येते, आणि लहरींची लांबी साधारण बारा सेंटीमीटर असल्यामुळे अंगाच्या कडेने थोडी वळतेही. पण या दोन बारीक वाटांवर सगळी भिस्त. चालताना पाय हलला, मान वळली, की त्याही कधी बंद तर कधी सुरू.

म्हणून मोकळी जागा ही ब्लूटूथसाठी चांगली जागा, हा समज फोन हातात असेल तेव्हाच खरा. फोन खिशात असेल तर भिंती आपल्या मदतीला असतात.

आता तुटतो म्हणजे नेमकं काय होतं? फोन आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून पाठवतो. प्रत्येक तुकडा नीट मिळाला की इअरबड "मिळाला" असं कळवतो, नाही मिळाला तर फोन तोच पुन्हा पाठवतो. हे करायला वेळ मिळावा म्हणून इअरबड थोडा आवाज आधीच साठवून ठेवतो. साठा फार नसतो, सेकंदाचा काही भाग. पाऊल टाकताना क्षणभर वाट बंद झाली तर हा साठा सांभाळून घेतो, आपल्याला कळतही नाही. साठा संपेपर्यंत वाट उघडली नाही, की कानात शांतता. म्हणूनच "कनेक्टेड" दिसत राहतं आणि आवाज मात्र जातो. कनेक्शन टिकवायला अधूनमधून एखादा तुकडा पोचला तरी पुरतं, आवाजाला मात्र ते अखंड पोचावे लागतात.

हे कळल्यावर मी ताईला तपासणी करायला सांगितली, एका वेळी एकच गोष्ट बदलून.

पहिल्या संध्याकाळी तिने नोट्स आधीच डाउनलोड करून ठेवल्या, फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि फक्त ब्लूटूथ चालू केलं. तरी आवाज तुटला. म्हणजे मोबाईलच्या नेटचा दोष नाही. हे आधी बघायलाच हवं, कारण किनाऱ्यावर नेट गेलं तरी ऐकू तसंच येतं. फरक एवढाच की नेट अडकलं तर ॲपमधली वेळसुद्धा थांबते. ब्लूटूथ अडकलं तर वेळ पुढे सरकत राहते आणि मधले शब्द गळतात.

दुसऱ्या संध्याकाळी त्याच जागी फोन छातीसमोर हातात धरून चालली. एकदाही तुटला नाही. म्हणजे इअरबड ठीक, फोन ठीक. दोष मधल्या वाटेचा.

तिसऱ्या संध्याकाळी फोन नेहमीसारखा उजव्या मागच्या खिशात, पण कानात एकच बड. फक्त डावा घातला तर तुटला. फक्त उजवा घातला तर जवळपास नीट. इथे खरी गोष्ट सापडली. काही जोड्यांमध्ये फोनशी एकच बड बोलतो आणि तो दुसऱ्याला आवाज पुढे देतो. तिच्या जोडीत दोन्ही कानांत असताना हे काम डावा करत होता. म्हणजे लहरींना उजव्या मागच्या खिशातून तिरकं, अख्खं अंग ओलांडून डाव्या कानाला जावं लागत होतं. सगळ्यात वाईट वाट! काही नव्या जोड्यांत दोन्ही बड थेट फोनचं ऐकतात, तेव्हा एकाच कानातला आवाज तुटू शकतो. मोठ्या हेडफोनमध्ये किंवा नेकबँडमध्येही अँटेना बहुतेकदा एकाच बाजूला असते. कुठल्या बाजूला ते खिसा बदलून पाहिलं की कळतं.

चौथ्या संध्याकाळी फोन डाव्या बाजूला, छोट्या स्लिंग बॅगमध्ये, पोटाच्या वर पुढे. तासाभरात दोनदाच तुटला. खर्च शून्य. शर्टाचा डावा खिसा किंवा दंडाला लावायचा पट्टाही चालला असता. खिशात फोनला चिकटून किल्ल्या नकोत, आणि कव्हर धातूचं नको, कारण धातू लहरी अडवतो.

त्या उरलेल्या दोन वेळांसाठी फोनमध्ये आणखी दोन गोष्टी बघता येतात. एक, इअरबडमध्ये गेम मोड असेल तर चालताना बंद ठेवा. गेममध्ये आवाज लगेच यावा म्हणून तो मोड मघाचा साठा कमी करतो, आणि साठा कमी झाला की तुटणं वाढतं. दोन, अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत इअरबडच्या नावाशेजारच्या गिअरवर दाबा. तिथे `HD audio: LDAC` असं काही दिसलं तर बंद करून बघा. LDAC सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत माल पाठवू शकतं, तर साधं SBC साधारण 328. वाट बारीक असेल तर कमी माल सुरळीत जातो. बोललेल्या नोट्सना तेवढं पुरेसं आहे. आयफोनमध्ये ही निवड नसते.

मग वायफायचा गोंधळ खोटाच का? नाही, खरा आहे, पण त्याची खूण वेगळी. ब्लूटूथ 79 चॅनेलवर सेकंदाला 1600 वेळा उड्या मारतं आणि जिथे गर्दी दिसेल ते चॅनेल टाळतं. एक वायफाय राउटर त्यातले साधारण वीस चॅनेल व्यापतो, म्हणजे बाकीचे उरतात. आजूबाजूला असे तीन-चार राउटर जोरात चालू असतील तर मात्र उडी मारायला जागा उरत नाही. तेव्हा फोन छातीसमोर धरला तरी आवाज तुटतो, आणि दहा पावलं पुढे गेल्यावर आपोआप सुधारतो. घरी असं होत असेल तर फोन 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका, ब्लूटूथला तेवढी जागा मोकळी होईल.

थोडक्यात, फोन हातात घेतल्यावर आवाज सुधारला तर दोष अंगाचा, खिसा बदला. जागा बदलल्यावर सुधारला तर दोष गर्दीचा. आणि भिंतींच्या आत, फोन हातात धरून, नेट बंद करूनही तुटत असेल, तरच इअरबड दुकानात घेऊन जा.

ताईचा परवा मेसेज आला: "दादा, आता वर्षां गळणत नाय. पाठ होतत की नाय ता माझ्यार!"

भेटू पुढच्या भागात. तुमचा फोन कुठल्या खिशात असतो आणि कुठे तुटतो, तेवढं नक्की कळवा.